‘मला काय वाटतं’ हा रकाना सिस्टरकडेच राहू द्या

माननीय वैद्यकीय अधीक्षक, मेट्रन मॅडम आणि इमर्जन्सी टीममधल्या सर्व डॉक्टर-सिस्टर सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. एकोणीस वर्षं वॉर्डातच गेली. हे पत्र मी आधी रीतसर आपल्या कार्यालयात दिलं होतं. तीन आठवडे उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे आपल्याच इमारतीत घडतंय असं नाही, आणि कुणाची बदनामी करायची माझी इच्छाही नाही.

विषय आहे गेल्या महिन्यातलं परिपत्रक आणि त्यासोबत आलेला एसबारचा नवा फॉर्म. वॉर्डातला पेशंट अचानक ढासळायला लागला की आम्ही इमर्जन्सी टीमला बोलावतो आणि पेशंट त्यांच्या हाती सोपवतो. हे सोपवणं एसबारच्या चार पायऱ्यांनी व्हावं, असं आपण ठरवलंत. निर्णय चांगला आहे, आम्हीच तो चार वर्षं मागत होतो. पण हाती आलेल्या फॉर्मवर तीन अटी आहेत. टीमला फोन करण्याआधी फॉर्म पूर्ण भरायचा. ‘असेसमेंट’चा रकाना फक्त डॉक्टरांनी भरायचा. आणि ‘रेकमेंडेशन’च्या जागी आता ‘मिळालेल्या सूचना’ असं छापलंय. कारणं दोन दिली आहेत: टीमला फार कॉल जातात, आणि सिस्टरने फाईलमध्ये लिहिलेलं मत पुढे कायदेशीर अडचण ठरू शकतं.

ज्यांनी वॉर्डात काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एसबार म्हणजे सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन. आत्ता काय घडतंय, मागचं काय माहीत असायला हवं, मला काय वाटतं आणि मला तुमच्याकडून काय हवं. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आली आणि 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकेतल्या कायझर परमनेंटे या संस्थेने ती रुग्णालयांत आणली. त्यांची अडचण आपल्यासारखीच होती. सिस्टरना शिकवलेलं असतं की पेशंटचं सगळं सविस्तर सांगा. डॉक्टरांना शिकवलेलं असतं की मुद्दा आधी हवा. सिस्टर गोष्ट सांगायला लागते, डॉक्टर मथळा शोधत राहतात, आणि महत्त्वाचं वाक्य शेवटी येईपर्यंत फोन ठेवलेला असतो. शिवाय हुद्द्याने खालचा माणूस वरच्याला ‘हे करा’ म्हणायला कचरतो. चौकटीतले शेवटचे दोन रकाने त्याच्यासाठीच आहेत. हुद्द्याने खालच्या माणसाने मत द्यावं आणि मागणी करावी, असं ही चौकट त्याला सांगते. आपण नेमके तेच दोन रकाने आमच्याकडून काढून घेतलेत.

याबद्दल मी इतकी अस्वस्थ का आहे, ते चौदा नंबरच्या बाईंचं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

वय एकसष्ट. मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढून आतडं पुन्हा जोडलेलं. तो शस्त्रक्रियेनंतरचा पाचवा दिवस होता. सकाळी आठला सगळं ठीक होतं: श्वास मिनिटाला 18, सॅच्युरेशन 97, बीपी 146 वर 84, पल्स 78. न्यूज-टू स्कोअर शून्य. हा स्कोअर ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये सुधारून काढला. श्वास, सॅच्युरेशन, बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप यांना गुण द्यायचे, बाहेरून ऑक्सिजन लावला असेल तर आणखी दोन. बेरीज पाच झाली की डॉक्टरांनी तातडीने पाहायचं, सात झाली की इमर्जन्सी.

माझी ड्यूटी दुपारची होती. चार वाजता बाई मला म्हणाल्या, “सिस्टर, आज कसंतरीच होतंय.” एवढंच. श्वास 22, सॅच्युरेशन 95, पल्स 92. बीपी आणि ताप अजून गुण पडण्याइतके बदलले नव्हते. स्कोअर चार. मी दोन-दोन तासांनी नोंदी घ्यायचं ठरवलं. सहा वाजता श्वास 24, सॅच्युरेशन 94, बीपी 110, पल्स 96, ताप 38.2 अंश सेल्सिअस. स्कोअर सहा. मी ऑन-कॉल डॉक्टरांना फोन केला.

त्या फोनवर मी काय बोलले ते मला शब्दशः आठवतं. “सर, चौदा नंबरच्या मावशी आहेत ना, आतड्याच्या ऑपरेशनच्या, पाच दिवस झालेत, सकाळी छान होत्या, चालल्याही थोड्या, आता जरा बऱ्या दिसत नाहीत.” सरांनी विचारलं, “बीपी?” मी म्हणाले, “एकशे दहा.” “ठीक आहे की. ताप?” “अडतीस पॉइंट दोन.” “पॅरासिटामॉल द्या. बघू.” फोन बंद.

त्यात खोटं काहीच नव्हतं, पण कामाचंही काही नव्हतं. बीपी एकशे दहा ऐकायला बरा वाटतो. या बाईंचा नेहमीचा बीपी दीडशेच्या आसपास, म्हणजे तो चाळीसने उतरला होता. ते मी सांगितलं नाही. स्कोअर शून्यावरून सहावर आलाय हे सांगितलं नाही. श्वास किती ते विचारलं गेलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘तुम्ही येऊन पाहा’ हे मी म्हटलंच नाही. मी त्यांच्यापुढे काळजी ठेवली आणि ती कळेल अशी आशा धरली. सरांना दोष देऊन मला मोकळं व्हायचं नाही. ते तेव्हा दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटपाशी होते आणि त्यांनी मिळालेल्या माहितीवर निर्णय घेतला.

आठ वाजता बाई मला माझं नाव विचारायला लागल्या. दुपारपासून तीनदा नावाने हाक मारलेली बाई. श्वास 26, सॅच्युरेशन 93, बीपी 104 वर 60, पल्स 98, ताप 38.4. स्कोअर अकरा. मी ऑक्सिजन लावला आणि इमर्जन्सी टीमला बोलावलं.

टीम वेगाने आली, तक्रार वेगाबद्दल नाही. चौघं जण आले आणि चौघांनी चार प्रश्न विचारले. एका डॉक्टरांनी फाईल मागितली. दुसरे मॉनिटरकडे गेले आणि तिथूनच विचारलं, “सकाळचा बीपी?” टीमच्या सिस्टरने शीर कुठे मिळेल ते विचारलं. चौथ्यांनी बाईंच्या मुलीला विचारलं, “कधीपासून बडबडतायत?” मी प्रत्येकाला उत्तर दिलं. ‘पेनिसिलिनची ॲलर्जी आहे’ हे मी शीर शोधणाऱ्या सिस्टरजवळ बोलले, कारण त्या वेळी तीच माझ्यासमोर होती. ‘मेटोप्रोलॉल सुरू आहे’ हे फाईल चाळणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं. ‘लघवी फार कमी आहे’ हे कुणाला सांगितलं ते मलाच आठवत नाही. सगळी माहिती त्या खाटेभोवती हजर होती, पण कुणा एकाच्या कानात ती पूर्ण गेली नव्हती.

परिणाम दोन झाले. पल्स 98 पाहून टीमप्रमुख म्हणाले, “पल्स फार वाढलेली नाही, दुखण्याने घाबरल्यात का?” मेटोप्रोलॉल पल्स दाबून ठेवतं. ते औषध घेणाऱ्या पेशंटची पल्स 78 वरून 98 होणं आणि दुसऱ्या कुणाची होणं यांत फरक आहे. ज्यांना हे माहीत होतं ते फाईलमध्ये डोकं घालून होते. त्या शंकेत साधारण अर्धा तास गेला. त्यानंतर सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्याचा, विचार पक्का झाला आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम सांगितलं गेलं. ते पेनिसिलिनच्याच कुळातलं. औषध सलाईनमध्ये मिसळून खाटेपर्यंत आलं. माझ्या वॉर्डातल्या ज्युनिअर सिस्टरने बाईंच्या मनगटावरचा ॲलर्जीचा लाल पट्टा पाहिला आणि हात आडवा घातला. तिची नोकरी तेव्हा सात महिन्यांची होती.

रक्तातलं लॅक्टेट 4.6 आलं, म्हणजे धोक्याइतकं जास्त. सर्जन आले, सीटी झाला, जोड गळत होता. रात्रीच त्यांना ऑपरेशनला घेतलं. बारा दिवस आयसीयूत काढून त्या घरी गेल्या, पोटावर स्टोमाची पिशवी घेऊन. सहा वाजता कुणी आलं असतं तर पिशवी टळली असती असं मी म्हणणार नाही. गळती तर तेव्हाही होतीच. पण मधले दोन-अडीच तास त्यांच्या शरीराने एकट्याने झुंज दिली, हे मला विसरता येत नाही.

आता तेच आठ वाजताचं बोलणं चौकटीत कसं झालं असतं ते लिहिते. पुढे मी आमच्या सिस्टरना शिकवताना हेच वापरलं आहे.

“मी या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. चौदा नंबर, एकसष्ट वर्षांच्या बाई. बोलावलं कारण श्वास 26 आहे आणि त्या आत्ताच गोंधळायला लागल्यात. स्कोअर अकरा.

“आतड्याच्या जोडणीचा आज पाचवा दिवस. उच्च रक्तदाब आहे, नेहमीचा बीपी दीडशे. मेटोप्रोलॉल सुरू आहे, सकाळी आठला दिलं. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, पूर्वी अंगावर गांधी येऊन श्वास लागला होता.

“श्वासमार्ग मोकळा आहे. सॅच्युरेशन 93 होतं, ऑक्सिजनवर 97 आलं. बीपी 104, त्यांच्या मानाने फार कमी. पल्स 98, पण औषधाने दाबलेली. दोन तासांत मिळून लघवी 35 मिली, वजन साठ किलो. पोट घट्ट आणि दुखरं. स्कोअर सकाळी शून्य, चारला चार, सहाला सहा. मला हा सेप्सिस वाटतोय, आणि जोड गळतोय की काय अशी शंका आहे.

“तुम्ही आत्ता तपासा. ब्लड कल्चर आणि लॅक्टेट पाठवू का? अँटिबायोटिक पेनिसिलिनच्या कुळाबाहेरचं हवं. सर्जनना मी फोन लावते. आयसीयूत बेड बघायचा का?”

हे मी घड्याळ लावून वाचून पाहिलंय. एक मिनिट आणि थोडे सेकंद लागतात. यात नवी माहिती एकही नाही. त्या रात्री जी चार कानांत विखुरली तीच इथे एका कानात क्रमाने जाते. ॲलर्जी अँटिबायोटिकच्या आधी येते. मेटोप्रोलॉल पल्सच्या आकड्याआधी येतं, म्हणून तो आकडा ऐकताना त्याचा खरा अर्थ लागतो. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली लघवी व्हायला हवी, दोन तासांची 60. वजन शेजारी सांगितलं की 35 चा अर्थ कुणाला वेगळा समजवावा लागत नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार ‘आधी फॉर्म, मग फोन’ या अटीची. एसबार मुळात बोलण्याची चौकट आहे. तुमचा फॉर्म दोन्ही बाजूंनी छापलेला, सत्तावीस रकान्यांचा आहे. मी तो शांतपणे टेबलाशी बसून भरून पाहिला, अकरा मिनिटं लागली. रात्री दोन सिस्टर आणि तीस-बत्तीस पेशंट असताना एक जण फॉर्म भरायला बसली तर ढासळणाऱ्या पेशंटपाशी कोण थांबणार? फोनवर लागतो फक्त पहिला रकाना, तोही दहा सेकंदांचा: कोणता वॉर्ड, कोणती खाट, काय होतंय, ‘या’. बाकीचे तीन टीम खाटेपाशी पोहोचल्यावर. तोवरच्या वेळात ऑक्सिजन लावणं, पेशंटला नीट बसवणं, शीर पाहणं, चार्ट उघडून ठेवणं हे वॉर्डाचं काम आहे. कागद नंतर भरू, ड्यूटी संपायच्या आत भरू, त्यात हयगय करणार नाही. आणि ज्याचा श्वास थांबलाय किंवा नाडी लागत नाही, त्याच्यापाशी तर एसबारही नाही. तिथे कोड, म्हणजे श्वास-नाडी थांबल्याचा तातडीचा पुकारा, द्यायचा आणि छाती दाबायला सुरुवात करायची. परिपत्रकात हा अपवाद कुठेही लिहिलेला नाही. नवख्या सिस्टरने तो कुठे वाचायचा?

दुसरी तक्रार असेसमेंटची, आणि माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी. असेसमेंट म्हणजे निदान असा समज करून तो रकाना डॉक्टरांकडे दिला गेलाय. निदान डॉक्टरांचंच, त्यावर आमचा दावा नाही. पण ‘मला सेप्सिस वाटतोय’ हे निदान नाही. चार तास खाटेपाशी असलेल्या माणसाने घातलेली ती बेरीज आहे. ‘काय झालंय मला कळत नाही, पण पेशंट ढासळतोय’ हेसुद्धा पूर्ण असेसमेंट आहे, आणि कितीदा तरी तेच सर्वांत खरं असतं. टीम येते तेव्हा तिला आत्ताचे आकडे दिसतात. ते आकडे कोणत्या दिशेने चाललेत, हे फक्त वॉर्डाला माहीत असतं. 104 हा बीपी मॉनिटर दाखवतो, सकाळी 146 होता हे मॉनिटर सांगत नाही. दुपारी नावाने हाक मारणारी बाई रात्री नाव विचारते, हे कोणत्याच यंत्रात येत नाही. टीम त्यांना पहिल्यांदाच पाहते, तिला वाटू शकतं की बाई नेहमीच अशा बोलतात.

रकाना रिकामा ठेवायला सांगितलं की सिस्टर विचार करायचं थांबते असं नाही. ती बोलायचं थांबते. परिपत्रक आल्यापासून आमच्या दोन ज्युनिअर सिस्टर फोनवर फक्त आकडे वाचून दाखवतात. मी विचारलं, तर एकीने उत्तर दिलं, “मॅडम, मत द्यायचं नाही ना आपण?”

कायदेशीर अडचणीचं म्हणाल, तर सहा वाजता माझ्या हातून झालं ते बघा. मला काळजी वाटत होती आणि ती चार्टवर कुठेच नव्हती. उद्या कुणी फाईल उघडली तर त्याला स्कोअर सहा दिसेल आणि त्यापुढे कोरी जागा. ‘सहा वाजता सिस्टरने गळतीची शंका बोलून दाखवली’ ही नोंद त्या कोऱ्या जागेपेक्षा रुग्णालयाला अधिक धोक्याची आहे, असं मला तरी वाटत नाही.

तिसरी तक्रार शेवटच्या रकान्याची. ‘रेकमेंडेशन’ पुसून ‘मिळालेल्या सूचना’ लिहिलं की बोलण्याची दिशाच उलटते. मी मागायचं होतं, आता मी घ्यायचं. सहाच्या फोनवर नेमकं हेच झालं होतं. मी काही मागितलं नाही, मला सूचना मिळाली, पॅरासिटामॉलची. ‘सर, तुम्ही पंधरा मिनिटांत येऊन पाहावं असं मला वाटतं’ हे एक वाक्य मी बोलले असते, तर सरांना हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. ‘नाही’ म्हणाले असते तर पुढच्या माणसाला फोन करायची वाट मला मोकळी होती. मागणी नसेल तर नकारही होत नाही, आणि मग पुढे कुणाकडे जायचं हेही ठरत नाही. सूचना लिहायला वेगळी ओळ हवीच, ती जरूर ठेवा. तिने मागणीची जागा घेऊ नये.

चौथी तक्रार ऐकणाऱ्यांची, आणि ती मी टीममधल्या सहकाऱ्यांना थेट सांगते. फॉर्म सिस्टरला बोलायला शिकवतो, टीमने कसं ऐकायचं याबद्दल त्यात अक्षर नाही. येताक्षणी ‘मी प्रमुख, मला सांगा’ असं एकाने म्हणावं. पेशंटचा श्वासमार्ग बंद असेल किंवा लगेच हात घालावा लागेल असं काही असेल तर ज्याने त्याने काम सुरू करावं, मी प्रमुखांच्या कानाशी सांगते. तसं नसेल तर एक मिनिट सगळ्यांचे हात थांबू द्या. मध्ये प्रश्न नकोत. शेवटी प्रमुखांनी दोन वाक्यांत परत बोलून दाखवावं: “पाचवा दिवस, जोड गळतीची शंका, पेनिसिलिन चालत नाही, बीपी दीडशेवरून 104. बरोबर?” मी ‘बरोबर’ म्हणेन किंवा चूक दुरुस्त करेन. ‘पेनिसिलिन चालत नाही’ हे त्या रात्री प्रमुखांच्या तोंडून एकदा मोठ्याने निघालं असतं, तर ते औषध मिसळलंच गेलं नसतं. तुम्ही थकलेले असता, एका रात्रीत पाच वॉर्ड पळता, हे मला दिसतं. म्हणूनच एका मिनिटापेक्षा जास्त मागत नाही.

कॉल फार जातात, या तुमच्या मुद्द्यावर थोडं बोलते. बेल्जियममधल्या एका विद्यापीठ रुग्णालयात वॉर्डच्या सिस्टरना एसबार शिकवून आधी-नंतरची तुलना केली गेली, 2013 मध्ये ती प्रसिद्ध झाली. वॉर्डातून अचानक आयसीयूत हलवलेल्या पेशंटची संख्या वाढली आणि अनपेक्षित मृत्यू कमी झाले. एकाच रुग्णालयातली आधी-नंतरची तुलना आहे, तेव्हा सगळं श्रेय एसबारचंच असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण कॉल वाढले म्हणजे पद्धत बिघडली, असं धरून चालणं निश्चितच चुकीचं आहे. कॉल वाया जातायत असं वाटत असेल तर ते किती स्कोअरला गेले, टीमने येऊन काय केलं, पेशंट पुढे कुठे गेला, हे बघा. आज तपासणी होते ती सत्तावीस रकान्यांपैकी किती भरले याची. गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डाला पूर्ण गुण मिळाले. त्यातले दोन फॉर्म टीम निघून गेल्यावर, आठवेल तसे, मीच भरले होते.

एसबारने सगळं सुटतं असंही माझं म्हणणं नाही. नोंदी वेळेवर घेतल्या नाहीत तर सांगायला काही उरत नाही. त्यातही श्वास पूर्ण मिनिट मोजायचा आळस होतो. चार्टवर ओळीने सगळ्यांचा श्वास 18 लिहिलेला दिसला की समजावं, कुणी मोजलेला नाही. हे आमचं काम आहे आणि त्याची जबाबदारी मी घेते.

आता मागण्या.

‘फॉर्म भरल्यावरच फोन’ ही अट लगेच मागे घ्यावी, आणि श्वास किंवा नाडी थांबल्यास थेट कोड, हे परिपत्रकात ठळक लिहावं. असेसमेंट आणि रेकमेंडेशन हे दोन्ही रकाने बोलावणाऱ्या सिस्टरकडे परत द्यावेत, डॉक्टरांच्या मतासाठी त्यांच्या खाली वेगळी जागा ठेवावी. सत्तावीस रकान्यांच्या जागी खिशात मावेल असं एक कार्ड द्यावं. त्यावर चार ओळी असाव्यात आणि दुसऱ्या ओळीत ‘नेहमीचा बीपी’, ‘पल्स दाबणारी औषधं’ आणि ‘ॲलर्जी’ हे तीन शब्द छापलेले असावेत. टीमप्रमुखाने एक मिनिट ऐकणं आणि परत बोलून दाखवणं हा टीमच्या कामाचा लेखी भाग करावा. ‘सिस्टरला काळजी वाटते’ हे कॉल द्यायला स्वतंत्र कारण म्हणून मान्य करावं, स्कोअर कितीही असो.

आणि प्रशिक्षण. पाऊण तास स्लाइड दाखवून आमच्या सह्या घेतल्या गेल्या. टीममधलं कुणीही त्या खोलीत नव्हतं. सिस्टर आणि टीमचे डॉक्टर एकत्र, वॉर्डातल्या रिकाम्या खाटेपाशी, महिन्यातून एकदा वीस मिनिटं सराव करू द्या. रात्रपाळीच्या सिस्टरनाही त्यात घ्या. पेशंटच्या जागी झोपायला मी तयार आहे आणि चौदा नंबरच्या बाईंचे आकडे लिहून तयार आहेत.

येत्या महिन्याच्या गुणवत्ता समितीच्या बैठकीत मला दहा मिनिटं द्यावीत. त्या रात्रीचा चार्ट, नाव झाकून, मी सोबत आणेन.

तोपर्यंत माझ्या वॉर्डातल्या सिस्टरना मी सांगितलंय: आधी फोन, मग कागद, आणि ‘मला वाटतं’ हे मोठ्याने म्हणा. परिपत्रकाविरुद्ध वागल्याबद्दल विचारणा करायची असेल तर त्यांना बोलावू नये. हे मी सांगितलंय, मला बोलवावं.

आपली,
शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर